जेसनमधला निकाल अर्जदाराला साध्या मराठीत कसा कळवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एखाद्या न्यासाची शिष्यवृत्ती डोळ्यांसमोर ठेवून हे पान लिहिलं आहे. अर्ज ऑनलाइन भरले जातात, नियम तपासणारी प्रणाली प्रत्येक अर्जाचा निकाल जेसन या संगणकी मांडणीत देते आणि तो निकाल विद्यार्थ्याला किंवा त्याच्या आईवडिलांना कळवायची जबाबदारी कार्यालयावर असते. खालची सगळी उत्तरं या एकाच नमुना निकालावर बेतलेली आहेत. नमुन्यातला अर्जदार आणि आकडे काल्पनिक आहेत.

```json
{
  "verdict": "REJECTED",
  "final": false,
  "reasons": [
    {"code": "NAME_MISMATCH", "severity": "blocking",
     "docs": ["AADHAAR", "SSC_MARKSHEET"],
     "found": ["GAIKWAD", "GAIKAWAD"],
     "score": 0.88, "threshold": 0.90,
     "fix": "AFFIDAVIT"},
    {"code": "CERT_EXPIRED", "severity": "blocking",
     "docs": ["INCOME_CERT"],
     "found": "2026-03-31", "required": "2027-03-31",
     "fix": "NEW_CERT"},
    {"code": "IFSC_FORMAT", "severity": "warning",
     "found": "ABCDO001234"}
  ],
  "resubmit_by": "2026-07-10T18:29:59Z"
}
```

`REJECTED` म्हणजे "नाकारला" असंच लिहायचं ना?

या निकालात नाही. खाली `final` पुढे `false` आहे, म्हणजे अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. अशा वेळी "आपला अर्ज नाकारण्यात आला आहे" हे वाक्य कठोर तर आहेच, शिवाय ते खोटंही आहे. बहुतेक माणसं पत्र तिथेच मिटून ठेवतात, पुढची मुदत वाचतच नाहीत.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: "आपला अर्ज प्रक्रियेत आहे, काही बाबींची पूर्तता अपेक्षित आहे." यातून अर्जदाराला वाटतं की काम कार्यालयाकडे आहे आणि आपण फक्त वाट पाहायची. तो थांबतो आणि मुदत निघून जाते. म्हणून `verdict` आणि `final` या दोन्हींचं मिळून एकच वाक्य करा: "तुमचा अर्ज आत्ता मंजूर झालेला नाही, पण हा शेवटचा निर्णय नाही." हे पत्राचं पहिलं किंवा दुसरं वाक्य असावं, त्याच्या खाली नको.

एक कारण लिहिताना त्यात किमान काय यायला हवं?

चार गोष्टी: कोणता कागद पाहिला, त्यावर काय दिसलं, काय हवं होतं आणि आता काय करायचं. `CERT_EXPIRED` या कोडचं "दाखल्याची मुदत संपली आहे" एवढंच लिहिलं तर चारपैकी दीड गोष्ट पोचते. कोणता दाखला, ते कळत नाही. रहिवासाचा, जातीचा आणि उत्पन्नाचा असे तीन दाखले जोडलेला माणूस तिन्ही नव्याने काढायला धावेल. कधीपर्यंत चालणारा दाखला हवा हे सांगितलं नाही, तर तो घरात असलेला दुसरा जुनाच दाखला जोडेल आणि अर्ज पुन्हा अडेल.

चारपैकी "काय दिसलं" ही गोष्ट सगळ्यात आधी गळते, कारण लिहिणाऱ्याला ती अर्जदाराच्या चुकीवर बोट ठेवल्यासारखी वाटते. पण तीच सांगितली की माणसाला आपला कागद हातात घेऊन ताडून पाहता येतो, आणि प्रणालीनेच चुकीचं वाचलं असेल तर तसं कळवताही येतं. तारीख वाचताना तीनचा आठ होणं किंवा धूसर फोटोतला आकडा चुकणं नेहमीचं आहे. "३१ मार्च २०२६" असं स्पष्ट लिहिलं असेल तर अर्जदार म्हणू शकतो, "माझ्या दाखल्यावर तर २०२८ आहे."

पूर्ण पत्र कसं दिसेल?

वरच्या निकालाचं पत्र असं:

> नमस्कार,
>
> २०२६-२७ च्या शिष्यवृत्तीसाठीचा तुमचा अर्ज आम्ही तपासला. तो आत्ता मंजूर झालेला नाही, पण हा शेवटचा निर्णय नाही. खालच्या दोन गोष्टी पूर्ण करून हाच अर्ज तुम्ही १० जुलै २०२६, शुक्रवार, रात्री ११:५९ पर्यंत पुन्हा पाठवू शकता.
>
> पहिली गोष्ट उत्पन्नाच्या दाखल्याची. तुम्ही जोडलेल्या दाखल्याची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली. या वर्षासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत चालणारा दाखला लागतो. नवा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करून मिळतो. तो हातात यायला दिवस लागतात, म्हणून हे काम आधी सुरू करा.
>
> दुसरी गोष्ट आडनावाच्या स्पेलिंगची. आधार कार्डावर GAIKWAD आहे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर GAIKAWAD. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा, तेवढं पुरेल. आधार कार्ड किंवा गुणपत्रिका बदलून घ्यायची गरज नाही.
>
> आणखी एक, यामुळे अर्ज अडलेला नाही: बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये पाचव्या जागी इंग्रजी अक्षर O आहे, तिथे शून्य हवं. पासबुकाच्या पहिल्या पानावर पाहून तेवढं दुरुस्त करा, म्हणजे शिष्यवृत्ती मंजूर झाल्यावर पैसे जमा होताना अडचण येणार नाही.
>
> यातलं काही तुमच्या कागदाशी जुळत नसेल, तर या पत्रावरच्या क्रमांकावर फोन करा आणि अर्ज क्रमांक सांगा.

जेसनमधलं प्रत्येक कारण इथे आहे, पण क्रम बदललेला आहे. प्रणालीने नावाचं कारण आधी दिलं कारण तो नियम आधी तपासला गेला. अर्जदाराच्या दृष्टीने ज्या कामाला जास्त दिवस लागतात ते आधी यायला हवं. प्रतिज्ञापत्र एका दिवसात होऊ शकतं, दाखल्यासाठी आठवडे जाऊ शकतात.

जुळणीचा गुण ०.८८ होता आणि ०.९० हवा होता, हे सांगायला नको का? तेही कारणच आहे.

ते कारण नाही, कारणापर्यंत पोचण्याचं यंत्राचं माप आहे. आठ अक्षरांच्या नावात एक अक्षर जास्त, म्हणून एक वजा एक अष्टमांश म्हणजे ०.८७५, जवळपास ०.८८. अर्जदाराने ही संख्या वाचली तर त्याला ते परीक्षेतले गुण वाटतील आणि दोन शतांशांनी संधी हुकली असा समज होईल. खरं कारण दोन स्पेलिंगं आहेत, आणि ती `found` मध्ये जशीच्या तशी आहेत. ती अक्षरं इंग्रजीतच छापा. देवनागरीत दोन्ही वेळा "गायकवाड" असंच होतं आणि फरकच नाहीसा होतो. कारण सोपं करताना कारणच पुसलं जाण्याचं हे स्वच्छ उदाहरण आहे.

मात्र ०.८८ ची नोंद कार्यालयाच्या प्रतीत राहू द्या. फोन आला की उत्तर देणाऱ्याला ती लागते.

महाराष्ट्रात नावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वारंवार होते. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधार कार्डावर बहुधा शेवटी. प्रणालीने शब्दांचा क्रम न लावता तुलना केली तर पूर्ण जुळणारं नावही "जुळत नाही" ठरतं. `found` मधली दोन्ही नावं समोरासमोर ठेवल्यावर फक्त क्रम वेगळा दिसला, तर ते पत्र पाठवू नका. चूक प्रणालीची आहे आणि ती अर्जदाराने दुरुस्त करायची नसते.

उपाय म्हणून "आधारवरचं नाव दुरुस्त करून घ्या" असं लिहिलं तर काय बिघडतं?

आधार कार्डावरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. पत्र लिहिणाऱ्याने सहज सुचवलेल्या वाक्यामुळे त्यातली एक संधी खर्च होते, आणि मग लग्नानंतर किंवा खरी चूक सापडल्यावर अडचण येते. गुणपत्रिकेतली दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे जाते आणि तिला वेळ लागतो. न्यासाच्या नियमात प्रतिज्ञापत्र चालत असेल तर तेवढंच सांगा.

उपाय नेहमी `fix` मधूनच यावा. तिथे काही नसेल तर आपल्या अंदाजाने भर घालू नका, नियम ठरवणाऱ्या माणसाला विचारा. पत्रात लिहिलेला उपाय हे अर्जदारासाठी आश्वासन असतं. तो पैसे आणि कामाचे दिवस खर्च करून तेवढं करतो, आणि मग ते चालत नाही म्हणणं अन्यायाचं आहे.

पत्त्याबाबतही हेच. "तुमच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात जा" हे वाक्य घाटकोपरच्या माणसाला चालेल. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. पण मुंबई शहर जिल्ह्यात तालुकेच नाहीत, त्यामुळे परळचा किंवा भायखळ्याचा अर्जदार हे वाक्य वाचून कुठे जाणार? पिनकोडवरून नक्की कार्यालय सांगता येत नसेल तर 'आपले सरकार' पोर्टल आणि सेतू केंद्र एवढंच लिहावं.

मुदतीत `18:29:59Z` आहे. संध्याकाळी साडेसहा लिहायचं का?

नाही. शेवटचं `Z` सांगतं की ही वेळ यूटीसी आहे. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून ती रात्री ११:५९ होते, तारीख १० जुलैच राहते. पण एका सेकंदाचा फरक पाहा: `18:30:00Z` असतं तर भारतीय वेळेने ११ जुलैची मध्यरात्र, म्हणजे ११ तारीख सुरू होण्याचा क्षण. रूपांतर करणारा प्रोग्राम "११ जुलै, रात्री १२" असं छापेल आणि वाचणारा ११ तारखेची रात्र समजेल. एक अख्खा दिवस जास्त आहे असं वाटून तो मुदत चुकवेल.

यासाठी मध्यरात्रीची वेळ आली की एक मिनिट मागे घेऊन आधीच्या दिवसाचं ११:५९ छापायचं, आणि सोबत वार लिहायचा. वार लिहिला की तारखेची गफलत वाचणाऱ्यालाच पटकन लक्षात येते.

पत्राचे साचे केले, पण वाक्यं मोडकी येतात: "उत्पन्नाचा दाखलावर", "गुणपत्रिका अस्पष्ट आला". काय करावं?

मराठीतला हा प्रश्न इंग्रजी साच्यांवरून काम सुरू केलं की हमखास येतो. रिकाम्या जागी कागदाचं नाव बसवून भागत नाही, कारण प्रत्यय लागताना नाव बदलतं आणि क्रियापद नावाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. दाखला संपला, गुणपत्रिका अस्पष्ट आली, प्रमाणपत्र जुनं झालं. दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, प्रमाणपत्रावर.

प्रत्येक कागदासाठी नाव, प्रत्यय लागण्याआधीचं रूप आणि लिंग अशा तीन गोष्टी साठवा:

```json
"INCOME_CERT": {
  "name": "उत्पन्नाचा दाखला",
  "base": "उत्पन्नाच्या दाखल्या",
  "gender": "m"
}
```

`base` ला "वर", "ची", "साठी" काहीही जोडा, बरोबर येतं: उत्पन्नाच्या दाखल्यावर, उत्पन्नाच्या दाखल्याची. क्रियापदाच्या तीन रूपांतून लिंगाप्रमाणे एक निवडा. शिष्यवृत्तीच्या अर्जात पंधरा-वीसच कागद असतात, त्यामुळे ही यादी हाताने करणं एका दुपारचं काम आहे. त्यापेक्षा सोपा मार्ग हवा असेल तर प्रत्येक कोड आणि कागदाच्या जोडीसाठी पूर्ण वाक्यच लिहून ठेवा. वाक्यं जास्त होतील, पण प्रत्येक वाक्य माणसाने लिहिलेलं असेल आणि वाचताना ते जाणवतं.

अर्जदाराबद्दलची क्रियापदं मात्र लिंगावर अवलंबून ठेवू नका. "तू कागद जोडायला विसरलास" किंवा "तू माहिती भरू शकला नाहीस" यापेक्षा "अर्जात अमुक दिसत नाही" हे सगळ्यांना चालतं, आणि दोषही देत नाही.

बाकी सगळं बरोबर आहे, असं शेवटी लिहून धीर द्यावा का?

खरं असेल तरच, आणि ते खरं आहे की नाही हे वरच्या जेसनवरून कळत नाही. कित्येक प्रणाली पहिलं अडवणारं कारण सापडलं की पुढचे नियम तपासतच नाहीत. मग एकच कारण लिहून आलेल्या निकालाचा अर्थ "एवढंच चुकलं" असा नसून "इथपर्यंतच पाहिलं" असा असतो. अर्जदार ते एक काम पूर्ण करतो, दुसऱ्या फेरीत दुसरं कारण निघतं, तिसऱ्या फेरीत तिसरं. तोपर्यंत मुदत संपते आणि कार्यालय मुद्दाम अडवतंय अशी त्याची खात्री होते.

तुमची प्रणाली कशी वागते हे ओळखायचं तर एक चाचणी अर्ज करा. त्यात तीन चुका मुद्दाम ठेवा आणि निकालात किती कारणं येतात ते मोजा. एकच आलं तर पत्रं सुधारून उपयोग नाही. आधी प्रणालीला सगळे नियम तपासून सगळी कारणं एकत्र द्यायला लावा. ते होईपर्यंत पत्रात स्पष्ट लिहा: "बाकीच्या कागदांची तपासणी अजून व्हायची आहे." निकालात पास झालेल्या नियमांची यादी येत असेल, तर मात्र ती जरूर वापरा. "तुमचे गुण आणि रहिवासाचा दाखला बरोबर आहेत" या वाक्याने माणसाचा एक हेलपाटा वाचतो.

दुरुस्त न होणारं कारण असेल तर?

समजा न्यासाची मर्यादा अडीच लाख आहे आणि निकालात आणखी एक ओळ आली:

```json
{"code": "INCOME_ABOVE_LIMIT", "severity": "blocking",
 "found": 310000, "required": "<= 250000", "fix": null}
```

आता `final` सुद्धा `true` असायला हवं. ते `false` असेल तर निकालातच विसंगती आहे. तो पत्रासाठी न वापरता परत तपासायला द्या.

पत्रात हे कारण सर्वांत आधी आणि थेट: "या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपये (२,५०,०००) किंवा त्याहून कमी असावं लागतं. तुमच्या दाखल्यावर ३,१०,००० रुपये आहे. त्यामुळे यंदा ही शिष्यवृत्ती देता येत नाही." दाखल्याची मुदत, स्पेलिंग आणि आयएफएससी ही कारणं त्यानंतर एका वाक्यात सांगा, आणि त्यासाठी आता काही करायची गरज नाही हेही सांगा. ती पूर्ण गाळू नका, कारण तेच कागद अर्जदार दुसरीकडे वापरणार असतो. पण ती कामं म्हणून मांडली, तर माणूस सुट्टी टाकून प्रतिज्ञापत्र करून आणेल आणि त्याचा काही उपयोग होणार नाही.

"अडीच लाखांच्या आत" असं लिहिणं टाळा. नेमके अडीच लाख असतील तर चालतं की नाही, हे त्यातून कळत नाही. जेसनमध्ये `<=` आहे की `<` ते पाहून "किंवा त्याहून कमी" नाहीतर "पेक्षा कमी" लिहा. आकडा छापताना 250,000 असा स्वल्पविराम येत असेल तर तो भारतीय पद्धतीने २,५०,००० करून घ्या.

"पुढच्या वर्षी जरूर प्रयत्न करा" हे वाक्य इथे चांगुलपणाचं वाटतं, पण उत्पन्न तेवढंच राहणार असेल तर ती खोटी आशा आहे. न्यासाची जास्त मर्यादेची दुसरी योजना असेल तर तिचं नाव द्या, नसेल तर थांबा.

एसएमएसमध्ये हे सगळं बसत नाही. मग कोणती कारणं ठेवायची?

कोणतीच नाही. देवनागरी एसएमएस ७० अक्षरचिन्हांचा असतो, लांब झाला की प्रत्येक तुकड्यात ६७. मात्रा आणि पायमोडके वेगळे मोजले जातात, "क्ष" एकटाच तीन जागा घेतो. एवढ्यात तीन कारणं कोंबली की त्यांचे कोड होतात आणि आपण पुन्हा जेसनपाशी येतो. एसएमएसमध्ये निकाल, कामांची संख्या आणि मुदत द्या: "अर्ज अजून मंजूर नाही. २ कामं बाकी. मुदत १० जुलै. पत्र ईमेलवर पाहा." संख्या महत्त्वाची आहे. दोन कामं बाकी असं वाचलेला माणूस पत्रात दुसरं सापडेपर्यंत थांबत नाही.

नव्या कोडसाठी वाक्यच लिहिलेलं नसेल तर?

पत्र थांबवा आणि निकाल एखाद्या माणसाकडे पाठवा. "इतर तांत्रिक कारणांमुळे" हे वाक्य साच्यांच्या यादीत असूच नये. ते एकदा असलं की प्रत्येक नवा कोड मुकाट्याने त्याच्या आड जातो आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

`found` मध्ये `null` आलं तरी असंच थांबा. कागद जोडलाच नव्हता, की जोडला होता पण वाचता आला नाही? ज्याने कागद जोडला होता त्याला "तुम्ही कागद जोडला नाही" असं सांगितलं तर तो चिडतो, आणि तोच धूसर फोटो पुन्हा पाठवतो.

कारण गळलं नाही याची खात्री कशी करायची?

प्रोग्रामकडून एवढं करून घ्या: जेसनमधल्या कारणांची संख्या आणि पत्रात मांडलेल्या कारणांची संख्या सारखी नसेल, तर पत्र जाऊ नये. तसंच `found` आणि `required` मधली प्रत्येक तारीख आणि रक्कम पत्रात सापडायला हवी.

पण वाक्याचा अर्थ पोचला का, हे मोजणीतून कळत नाही. त्यासाठी नियम माहीत नसलेल्या माणसाला फक्त पत्र द्या, जेसन दाखवू नका, आणि विचारा: अर्ज कशाकशामुळे अडला, आता काय काय करायचं, कधीपर्यंत आणि आधी काय? तो सांगेल ते लिहून घ्या आणि जेसनशेजारी ठेवा. त्याने आयएफएससीलाही अडवणारं कारण म्हटलं, तर बहुधा "यामुळे अर्ज अडलेला नाही" हे वाक्य परिच्छेदाच्या शेवटी गेलेलं असतं. ते सुरुवातीला आणा आणि दुसऱ्या माणसाला विचारा.